मिस्ड कॉल आणि मागोमाग कोरा मेसेज: अनोळखी नंबरला उत्तर द्यायचं का, आणि काय द्यायचं?

सांगलीत आमच्या भागातल्या वाचनालयात आम्ही दोघं-तिघं शनिवारी दुपारी बसतो आणि ज्येष्ठ मंडळींना फोनच्या अडचणी सोडवून देतो. कधी फॉन्ट मोठा करून द्यायचा, कधी रिचार्ज, कधी हरवलेला फोटो शोधायचा. पण एक प्रश्न सारखा येतो. “अनोळखी नंबरवरून एक-दोन रिंग वाजून कॉल कट झाला. दोन मिनिटांनी त्याच नंबरवरून मेसेज आला, पण आत काहीच नाही. आता काय करू?” तीच उत्तरं पुन्हा पुन्हा द्यावी लागतात, म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत.

कोऱ्या मेसेजमध्ये खरंच काहीच नसतं का?

बहुतेक वेळा नसतं. साध्या कीपॅडच्या फोनवर मजकूर न लिहिताही मेसेज पाठवता येतो. स्मार्टफोनवर पाठवायचं बटण सहसा रिकाम्या चौकटीवर चालत नाही, पण एक मोकळी जागा टाकली तरी चालतं. त्यामुळे खरोखर कोरा एसएमएस आला, तर पलीकडे कीपॅडचा फोन असण्याची शक्यता बरीच असते. ही खूण लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

कधी कधी मात्र मेसेज कोरा नसतो, तुमच्या फोनला तो दाखवता येत नाही. देवनागरीत लिहिलेला मजकूर काही जुन्या फोनवर चौकोन-चौकोन दिसतो किंवा नुसती मोकळी जागा दिसते. दुसरं म्हणजे फोटो किंवा ऑडिओ असलेला एमएमएस. इंटरनेट बंद असेल तर तो उतरत नाही आणि फक्त “डाउनलोड करा” असं बटण दिसतं. म्हणून आधी मेसेजवर बोट दाबून धरा आणि तपशील उघडा. प्रकार एसएमएस आहे की एमएमएस, तेवढं बघा. अनोळखी नंबरचा एमएमएस असेल तर डाउनलोडचं बटण दाबू नका.

मेसेज नुसता उघडून वाचला तर फोन हॅक होतो का?

साधा एसएमएस उघडल्याने सहसा काही होत नाही. त्यात अक्षरं असतात, चालणारा प्रोग्रॅम नसतो. ही भीती लोकांच्या मनात बसली त्याला एक खरं कारण मात्र आहे. २०१५ साली अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाचा दोष उघड झाला होता. त्यात खास तयार केलेला एमएमएस आला की वापरणाऱ्याने काही न करताही फोनमध्ये शिरकाव होऊ शकत होता. गूगलने तो दोष दुरुस्त केला, पण त्यातून घ्यायची काळजी आजही तीच आहे. मेसेजच्या सेटिंगमध्ये एमएमएस आपोआप डाउनलोड होणं बंद ठेवा आणि फोनचे अपडेट टाळू नका.

येणाऱ्या मेसेजचे पैसेही कापले जात नाहीत. आजींनी विचारलं होतं म्हणून लिहिलं.

मग धोका नेमका कशात आहे?

कोरी जागा आपण स्वतः भरतो, त्यात.

मेसेज कोरा असला की मन लगेच कामाला लागतं. “पुण्याचा भाचा असेल, त्याने नंबर बदललाय म्हणाला होता.” “हॉस्पिटलमधून असेल.” “कुरिअरवाला असेल.” आणि मग आपण उत्तर लिहितो: “बाळ्या, तू का रे?” पलीकडच्या माणसाला आता तुमच्या भाच्याचं नाव कळलं, तुम्ही त्याला काय हाक मारता ते कळलं आणि त्याचा नवा नंबर तुमच्याकडे नाही हेही कळलं. त्याला फक्त “हो” म्हणायचं उरलं. फसवणाऱ्याने एक शब्द लिहिला नाही, सगळी माहिती तुम्ही पुरवली.

बोलताना हीच युक्ती “ओळखा बघू” म्हणून खेळली जाते. “ओळखलं नाहीस का काकू? आवाजसुद्धा विसरलीस?” आपल्याकडे माणूस ओळखता आला नाही तर ओशाळल्यासारखं होतं, विशेषतः वडीलधाऱ्यांना. त्या ओशाळेपणापायी नाव सुचवलं जातं. म्हणून खाली जे जे सांगितलं आहे त्याचं सूत्र एवढंच: नाव त्याने सांगायचं, आपण सुचवायचं नाही.

मग उत्तर देऊच नये ना? सरळ ब्लॉक करावा?

मी असं सांगत नाही, कारण कोरा मेसेज पाठवणारं माणूस बरेचदा खरं असतं, गरजू असतं आणि त्याला टाइप करता येत नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात सांगलीतल्या कितीतरी लोकांनी मिळेल त्याचा फोन घेऊन घरी कळवलं. तेव्हा आम्हा सगळ्यांना अनोळखी नंबरवरूनच फोन येत होते. पाटण-जावळीकडे पावसाळ्यात रेंज येते-जाते, कॉल लागत नाही पण मेसेज निघून जातो. अनोळखी नंबर म्हणजे चोर असं मानलं तर आपलीच माणसं बाहेर राहतील.

म्हणून उत्तर द्यायला हरकत नाही, पण त्या उत्तरातून तुमच्याबद्दल काहीच कळता कामा नये. आणि त्याआधी नंबर नीट बघायचा.

नंबरमध्ये काय बघायचं?

सुरुवात बघा. भारतातला मोबाइल नंबर +91 आणि पुढे दहा अंक असा असतो. +92, +94, +84, +62, +251, +254 अशी सुरुवात असेल तर कॉल परदेशातून आलाय. घाईत +92 हा +91 सारखाच दिसतो, म्हणून चष्मा लावून बघा. परदेशी नंबरवर तुमचं कोणी नसेल तर परत कॉल नाही, मेसेजही नाही. एक रिंग देऊन कट करायचं आणि समोरच्याने महागड्या आंतरराष्ट्रीय नंबरवर परत फोन केला की त्या दरातला वाटा खायचा, ही जुनी फसवणूक आहे. जपानमध्ये तिला ‘वनगिरी’ म्हणतात, म्हणजे एक रिंग आणि कट. दुबईला मुलगा असेल आणि +971 दिसत असेल तर गोष्ट वेगळी, पण तरीही मुलाच्या सेव्ह केलेल्या नंबरवरच फोन करा.

दहा अंकी नंबरवरून आलेला मेसेज बँकेचा, वीज कंपनीचा किंवा कुरिअरचा आहे असं समजू नका. कंपन्यांचे मेसेज अक्षरांच्या नावाने येतात आणि त्यांच्या शेवटी आता -P, -S, -T किंवा -G असं अक्षर असतं. P म्हणजे जाहिरात, S म्हणजे सेवा, T म्हणजे व्यवहार, G म्हणजे सरकारी. अशा नावाला उत्तर पाठवताही येत नाही. त्यामुळे कोऱ्या मेसेजनंतर त्याच दहा अंकी नंबरवरून “तुमची वीज आज रात्री कापली जाईल” असा मजकूर आला, तर तिथेच थांबा.

+91 दिसतंय म्हणून खात्री झाली असंही नाही. कॉल करताना दुसऱ्याचाच नंबर दाखवता येतो. आमच्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांनी मिस्ड कॉलच्या नंबरवर तावातावाने फोन केला. पलीकडे कराडजवळचे एक शेतकरी होते. ते म्हणाले, “मी कुणाला फोन केलाच न्हाई, सकाळपासून चौघांनी शिव्या घातल्या.” त्यांचा नंबर दुसऱ्यानेच वापरला होता. परत फोन कराल तेव्हा समोरचा माणूस निरपराध असू शकतो, हे ध्यानात असू द्या.

किती वेळ रिंग वाजली यावरून काही कळतं का?

थोडंफार कळतं. दूरसंचार नियामक ट्रायने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ठरवून दिलं की कोणी उचलला नाही तर मोबाइलवर ३० सेकंद आणि लँडलाइनवर ६० सेकंद रिंग वाजेल. म्हणजे कॉल एक-दोन रिंगमध्ये बंद झाला तर तो बहुतेक पलीकडून कापला गेला. काही फोनच्या कॉल यादीत किती सेकंद वाजला तेही दिसतं. पूर्ण अर्धा मिनिट वाजला असेल तर कुणालातरी बोलायचं होतं, असं म्हणायला जागा आहे. दोन सेकंदात कट झाला असेल तर नंबर चालू आहे का ते बघणं असेल, चुकून लागलेला असेल, किंवा आपल्याकडची जुनी सवय: “मिस कॉल देते, तू कर.” ती सवय खेड्यात अजून पूर्ण गेलेली नाही, त्यामुळे नुसत्या आखूड रिंगवरून माणसाला चोर ठरवू नका.

एखादं उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगाल का?

आमच्या शेजारच्या काकूंचं सांगतो. त्यांच्या परवानगीने. वय ६८, फोन साधा अँड्रॉइड.

मंगळवारी दुपारी २ वाजून १० मिनिटांनी दोन रिंगचा मिस्ड कॉल आला. २ वाजून १३ मिनिटांनी त्याच नंबरवरून कोरा मेसेज. काकू फोन घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा उत्तराच्या चौकटीत “बंटी का?” असं लिहून झालं होतं, फक्त पाठवायचं बाकी होतं. मी आधी ते खोडलं.

नंबर +91 चा, दहा अंकी. मेसेजच्या तपशिलात प्रकार एसएमएस. म्हणजे कीपॅडच्या फोनवरून पाठवलेला कोरा मेसेज असावा, असा पहिला अंदाज. मग काकूंना वाटत होतं त्या भाच्याला त्याच्या जुन्या, सेव्ह केलेल्या नंबरवर फोन लावला. त्याने उचलला आणि म्हणाला, “मी नाही केला मावशी.” एक शंका मिटली, आणि त्यासाठी अनोळखी नंबरला काहीच सांगावं लागलं नाही.

वीस मिनिटं वाट बघितली. ज्याला खरंच काम असतं तो बहुतेक वेळा पुन्हा प्रयत्न करतो. पुन्हा काही आलं नाही, तेव्हा मेसेज पाठवला:

“आपला मिस्ड कॉल आला. आपण कोण? काम काय ते लिहा.”

हा मेसेज आम्ही इंग्रजी लिपीत मराठी लिहून पाठवला. पलीकडे कीपॅडचा फोन असेल तर देवनागरी दिसेलच याची खात्री नाही, आणि मग आमचंच उत्तर त्याला कोरं दिसलं असतं. त्यात काकूंचं नाव नाही, गाव नाही, “कोणत्या हॉस्पिटलमधून” असा अंदाज नाही.

अर्ध्या तासाने उत्तर आलं, तसंच इंग्रजी अक्षरांत: ताई मी बोलतेय, माझा फोन बंद पडलाय, शेजारच्या वहिनींच्या फोनवरून केला होता.

काकू सुटल्यासारख्या हसल्या. “अगंबाई, पलूसची धाकटी!” पण बघा, मेसेजमध्ये पलूस नव्हतं, धाकटीचं नावही नव्हतं. “ताई” म्हणणारे शेकडो असतात, आणि “माझा फोन बंद पडलाय” हे वाक्य तर फसवणूक करणाऱ्यांचं आवडतं आहे, कारण मग जुन्या नंबरवर खात्री करता येत नाही. काकूंनी कोरी जागा दुसऱ्यांदा भरली होती.

म्हणून बहिणीच्या नंबरवर फोन लावला. बंद. गोष्ट जुळत होती, पण बंद फोन हा पुरावा नव्हे. मग मेहुण्यांना, त्यांच्या सेव्ह केलेल्या नंबरवर. ते शेतात होते. म्हणाले, “सकाळी तिच्या फोनवर पाणी सांडलंय, ती वहिनीकडेच बसलीय.” आता खात्री झाली. मग काकूंनी त्या अनोळखी नंबरवर फोन केला. मिरजेच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख बदलली होती, ती सांगायची होती. मेसेज कोरा का? वहिनींच्या फोनवर लिहायला कुठे दाबायचं ते सापडलं नाही, आणि हाताला लागलेल्या पहिल्या बटणाने मेसेज निघून गेला.

सगळ्याला तासाभराच्या आतबाहेर वेळ लागला. निरोप वेळेत पोचला आणि कुणा तिसऱ्याला काकूंच्या घरची काही माहिती गेली नाही.

हाच प्रकार फसवणुकीचा असता तर पुढे काय झालं असतं?

“आपण कोण?” ला सरळ उत्तर आलं नसतं. “ओळख बघू”, “इतक्यात विसरलात?” असं काहीतरी आलं असतं. तुम्ही पुन्हा “नाव सांगा” एवढंच लिहिलं की अशी मंडळी बहुतेक वेळा गप्प होतात, कारण त्यांच्याकडे नाव नसतंच.

नाव तुम्हीच दिलं असेल तर मात्र गाडी पुढे जाते. आधी विचारपूस, मग “हा माझा नवा नंबर, सेव्ह करा”, आणि एक-दोन दिवसांनी अडचण: दवाखाना, अपघात, पैसे अडकलेत. किंवा असं: “माझा सहा अंकी कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय, जरा सांगता का?” तो कोड चुकून आलेला नसतो. तो तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपचा असतो, आणि तो सांगितला की तुमचं खातं त्यांच्या फोनवर सुरू होतं. मग तुमच्या नावाने तुमच्याच नातेवाइकांकडे पैसे मागितले जातात.

कोड दिला गेला असेल तर लगेच आपल्या फोनवर आपल्या नंबरने व्हॉट्सअ‍ॅपची नोंदणी पुन्हा करा. एसएमएसने आलेला नवा कोड टाकलात की समोरचा बाहेर फेकला जातो. त्याने मध्येच दोन टप्प्यांचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत जायला सात दिवस थांबावं लागतं, पण तोही आत राहत नाही. म्हणून हा पिन आजच स्वतः लावून ठेवा. सेटिंगमध्ये खाते, तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन.

परत कॉल केला तर काय बिघडतं? मेसेजपेक्षा बोलणं सोपं.

देशातल्या नंबरला परत कॉल केल्याने पैशांचं फारसं काही जात नाही. पण फोनवर आपण सावध राहत नाही. पलीकडून नुसतं “हॅलो, मावशी?” म्हटलं की आपण बोलू लागतो. मेसेजमध्ये लिहिण्याआधी विचार करायला वेळ मिळतो, आणि जे झालं त्याची नोंद राहते. ज्यांना टाइप करणं जमत नाही त्यांनी कॉल जरूर करावा, पण गप्प राहावं. “हॅलो, तुमचा मिस्ड कॉल होता, बोला” एवढं म्हणून थांबायचं. पहिलं नाव त्याने घ्यायचं.

आणि बोलता बोलता “अमुक नंबर डायल करा” असं कोणी सांगितलं तर करू नका. `*401*` आणि पुढे दहा अंक, असं डायल करायला लावून तुमचे कॉल दुसऱ्याच्या फोनकडे वळवले जात. दूरसंचार विभागाने ही सोय १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला सांगितली, तरी फोनच्या कॉल सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ उघडून तिथे अनोळखी नंबर नाही ना, हे एकदा बघून घ्या.

रात्री सारखे मिस्ड कॉल आणि कोरे मेसेज येत राहिले तर फोन बंद करून झोपावं का?

फोन बंद करू नका. आवाज बंद करा, तो नंबर ब्लॉक करा, पण फोन चालू राहू द्या.

कारण असं: २०१८ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत माहीमच्या एका व्यापाऱ्याला रात्री सहा मिस्ड कॉल आले. सकाळी त्यांचं सिम बंद पडलेलं होतं आणि खात्यातून १ कोटी ८६ लाख रुपये वळते झाले होते. मिस्ड कॉलने पैसे गेले नाहीत. कुणीतरी त्यांच्या नंबरचं दुसरं सिम काढून घेतलं होतं आणि ओटीपी त्या सिमवर जात होते. अशा प्रकारात कॉलचा मारा उपयोगी पडतो तो माणूस वैतागून फोन बंद करतो म्हणून. फोन बंद असला की सिमचं नेटवर्क गेलेलं कळत नाही.

आता त्याच नंबरचं बदली सिम घेतल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे हा मार्ग पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. तरी खूण तीच: शेजाऱ्याच्या फोनला रेंज आहे आणि तुमच्या फोनवर “सेवा नाही” दिसतंय, फोन बंद-चालू करूनही तसंच. मग सकाळची वाट न बघता दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला आणि मग सिम कंपनीला कळवा.

नाव दाखवणाऱ्या अ‍ॅपवर बघितलं, “सुरेश दूधवाला” आलं. मग विश्वास ठेवायचा ना?

ते नाव लोकांनी आपापल्या फोनमध्ये जसं सेव्ह केलंय त्यावरून आलेलं असतं. नंबर हात बदलतो. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. त्यामुळे नाव जुन्या मालकाचं असू शकतं. याचीच दुसरी बाजू अशी की तुमचा नंबरही आधी कुणाचा तरी असेल, आणि तो मिस्ड कॉल त्याच्यासाठी असेल. नवं सिम घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांत असे कॉल येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. “हा नंबर आता माझ्याकडे आहे” एवढं लिहिलं तरी पुरे. इथेही नाव द्यायची गरज नाही.

मी बाईमाणूस आहे. एकाच नंबरवरून रोज रात्री कोरे मेसेज येतात. “कोण?” विचारलं की उत्तर नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे चुकून असेल का?

एकदा चुकून होतं, रोज रात्री चुकून होत नाही. तुमच्या प्रत्येक “कोण?” मुळे त्याला हवं ते मिळतंय. मेसेज कोरा आहे म्हणून तक्रार करता येणार नाही, असा समज पुष्कळ जणींचा असतो. तो खरा नाही. स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे.

म्हणून एकदाच, स्पष्ट लिहा: “मला पुन्हा कॉल किंवा मेसेज करू नका.” त्यानंतर एक अक्षर नाही. आलेले कोरे मेसेज पुसू नका. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, कॉलची यादीही घ्या. मगच ब्लॉक करा. तारखांचा एक कागद करून जवळच्या पोलीस ठाण्यात जा. एकटीने जावंसं वाटत नसेल तर घरच्या कुणाला घेऊन जा, पण “कोऱ्या मेसेजचं काय सांगायचं” म्हणून घरी बसू नका. भीती वाटावी असं काही घडत असेल तर ११२, आणि महिलांसाठीचा मदत क्रमांक १८१.

पैसे गेले नाहीत, पण नंबर संशयास्पद वाटतोय. कुठे कळवायचं?

sancharsaathi.gov.in या सरकारी संकेतस्थळावर ‘चक्षु’ नावाची सोय आहे, ती अशा प्रसंगासाठीच केली आहे. नंबर, दिवस, वेळ आणि स्क्रीनशॉट टाकायचा. तिथेच तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत तेही बघता येतं. आमच्याकडे एका आजोबांच्या नावावर त्यांना माहीत नसलेला एक नंबर निघाला, तोही त्यांनी तिथूनच कळवला.

पैसे गेले असतील तर चक्षु नाही. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन, आणि cybercrime.gov.in वर तक्रार. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. आधी घरच्यांना कसं सांगायचं याचा विचार करत दोन दिवस घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याचं फार वाईट वाटतं. आधी १९३०, मग घर.

आईला हे सगळं लक्षात राहणार नाही. तिच्यासाठी काय करू?

तिच्या फोनमध्ये उत्तर आधीच लिहून ठेवा. बऱ्याच फोनमध्ये तयार मेसेज साठवता येतात, नाहीतर नोंदींमध्ये लिहून कॉपी करायला शिकवा. “आपण कोण? काम काय ते लिहा.” इतकंच. देवनागरीत एका मेसेजमध्ये ७० अक्षरचिन्हं मावतात, हे त्यात सहज बसतं.

दुसरं, घरातल्यांचा एक प्रश्न ठरवा, ज्याचं उत्तर बाहेरच्याला माहीत नसेल आणि फेसबुकवरही सापडणार नाही. वाढदिवस नको, गाव नको. आमच्या घरात तो जुन्या वाड्यातल्या म्हशीच्या नावाचा आहे. परक्या फोनवरून घरचं कोणी बोलत असेल तर तो विचारायचा. माझ्या पुतण्याने मागे कोल्हापूरहून मित्राच्या फोनवरून कॉल केला तेव्हा माझ्या आईने “थांब, आधी म्हैस सांग” म्हटलं, त्याने नाव सांगितलं, आणि मगच ती पुढे बोलली.